ओळ कुठे संपते? टेलिप्रिंटरच्या कॅरेजपासून गिटच्या नोंदवहीपर्यंत

१/
चारशे ओळींची एक फाइल आहे. तिच्यावर दोन माणसे काम करतात. एकाच्या संगणकावर लिनक्स, दुसऱ्याच्या संगणकावर विंडोज. दुसऱ्याने एकशे सत्ताविसाव्या ओळीतील एक आकडा बदलला आणि फाइल गिटमध्ये नोंदवली. पहिल्याने झालेला बदल उघडून पाहिला, तर गिटचे म्हणणे असे: चारशे ओळी वगळल्या, चारशे ओळी नव्याने लिहिल्या. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले, तर त्या एका आकड्याखेरीज अक्षराचाही फरक नाही.

२/
गिट येथे खोटे बोलत नाही. फरक खरोखर चारशे ओळींत आहे, परंतु तो डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह आले आहे. ते चिन्ह कुठून आले, एका यंत्रणेला ते आवश्यक का वाटले आणि दुसरीला अनावश्यक का वाटले, याचा माग काढायचा तर संगणकाच्याही आधीच्या काळात, तारायंत्राच्या जगात जावे लागते. #इतिहास_धागा

३/
कचेरीबाहेर टंकलेखन यंत्रावर अर्ज लिहून देणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही क्रिया ठाऊक असेल. ओळ संपली की घंटी वाजते. टंकलेखक डाव्या हाताने दांडा ढकलतो. कागद धरून ठेवणारा सरकता भाग, म्हणजे कॅरेज, पुन्हा ओळीच्या आरंभाशी येतो. आणि त्याच हिसक्यात रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकतो. हाताची हालचाल एक, पण यंत्रात घडणाऱ्या क्रिया दोन. पुढचा सगळा गोंधळ या दोन क्रियांच्या हिशेबातून निघाला.

४/
तारेवरून दूरच्या यंत्राला टंकलेखन करायला लावायचे, तर तेथे दांडा ढकलणारा हात नसतो. म्हणून ती आज्ञाही अक्षरांसारखीच तारेवरून पाठवावी लागते. डोनाल्ड मरे या न्यूझीलंडच्या संशोधकाने १९०१ च्या सुमारास तारायंत्रासाठी जी संकेतावली रचली, तिच्यात अक्षरांच्या रांगेतच यंत्राला उद्देशून काही संकेत होते. त्यांतील दोन पुढे रूढ झाले: कॅरेज ओळीच्या आरंभी नेणारा ‘कॅरेज रिटर्न’ आणि कागद एक ओळ सरकवणारा ‘लाइन फीड’. यापुढे त्यांना सीआर आणि एलएफ म्हणू.

५/
दोन क्रियांना दोन संकेत देण्यात सोय होती. नुसता सीआर पाठवला की छापलेल्या ओळीवरच पुन्हा छापता येई. अक्षराखाली रेघ ओढणे किंवा अक्षर ठळक करणे अशा रीतीने साधत असे. नुसता एलएफ पाठवला की कॅरेज जागेवरच राही आणि कागद तेवढा वर सरके. नवी ओळ हवी असेल तर मात्र दोन्ही संकेत पाठवायचे. आणि त्यांचा क्रमही ठरलेला: आधी सीआर, मग एलएफ.

६/
हा क्रम का, याचे उत्तर १९६३ साली आलेल्या ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ या यंत्रात स्पष्ट दिसते. ते सेकंदाला १० अक्षरे छापी, म्हणजे एका अक्षराला दशांश सेकंद. परंतु ओळीच्या उजव्या टोकापासून मागे यायला छपाईच्या भागाला त्याहून अधिक वेळ लागे. सीआरनंतर लगेच अक्षर आले तर ते परतीच्या वाटेवरच, कागदाच्या मध्यभागी कुठेतरी उमटे. सीआर आधी पाठवला की एलएफचा दशांश सेकंद त्या प्रवासाला मिळे. तोही अपुरा पडला तर काहीच न करणारे कोरे संकेत मागून पाठवीत. यंत्राच्या भागांना हलायला लागणारा वेळ असा मजकुराच्या संकेतांत शिरला.

७/
त्याच वर्षी ‘अ‍ॅस्की’ ही अमेरिकन मानक संकेतावली प्रसिद्ध झाली. तिच्यात एलएफला १० आणि सीआरला १३ हा क्रमांक मिळाला. सोळाच्या अंकपद्धतीत हेच क्रमांक `0A` आणि `0D` असे लिहितात. मॉडेल ३३ ही संकेतावली वापरी आणि सुरुवातीच्या अनेक संगणकांना तेच यंत्र जोडलेले असे. त्यामुळे एक प्रश्न उभा राहिला, जो तारायंत्राच्या काळात कोणी विचारलाच नव्हता. तारेवरून वाहणाऱ्या संकेतांचे ठीक. पण मजकूर फाइलमध्ये साठवताना ओळीचा शेवट कसा नोंदवायचा?

८/
एक उत्तर ‘मल्टिक्स’ या यंत्रणेच्या निर्मात्यांनी दिले. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांचा हा १९६० च्या दशकातील संयुक्त प्रकल्प. त्यांचा विचार असा: एका यंत्राला सीआर व एलएफ दोन्ही लागतात, दुसऱ्याला वर कोरे संकेतही लागतात, तिसऱ्याची रीत आणखी वेगळी. हे फाइलने कशाला लक्षात ठेवायचे? फाइलमध्ये ‘येथे ओळ संपली’ एवढेच सांगणारा एक एलएफ असावा. कोणत्या यंत्राकडे नेमके काय पाठवायचे, हे त्या यंत्राशी बोलणाऱ्या प्रणालीने, म्हणजे ड्रायव्हरने, ठरवावे. साठा एका रूपात ठेवायचा आणि भाषांतर सीमेवर करायचे.

९/
बेल लॅब्ज १९६९ मध्ये त्या प्रकल्पातून बाहेर पडली. तेथील केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवताना हीच रीत पुढे नेली आणि युनिक्सकडून ती लिनक्सकडे आली. सीमेवरचे ते भाषांतर आजही चालू आहे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ते काही क्षण बंद करून पाहता येते:

```
stty -onlcr
ls -l
stty onlcr
```

पहिल्या आज्ञेनंतर मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उजवीकडे उतरत जातो. एलएफ मिळतो, कागद जणू सरकतो, पण कॅरेज मागे येत नाही. तिसरी आज्ञा सारे पूर्ववत करते.

१०/
दुसरे उत्तर लहान संगणकांच्या जगातून आले. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या ‘सीपी/एम’ने डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या यंत्रणांमधील रीत उचलली आणि फाइलमध्येच सीआर व एलएफ ही जोडी ठेवली. त्या काळच्या तुटपुंज्या स्मृतीत हा मार्ग गैरसोयीचा नव्हता. फाइल जशीच्या तशी छपाईयंत्राकडे सोडली की काम होई, मध्ये दुभाषा लागत नसे. १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने सीपी/एमच्या अनेक रीती स्वीकारल्या, त्यांत हीही होती. डॉसकडून ती विंडोजकडे आली. तोवर या जोडीने लिहिलेल्या फाइलींचा इतका मोठा साठा जमला होता की रीत बदलणे म्हणजे जुने सारे मोडणे ठरले असते.

११/
तिसरे उत्तर अ‍ॅपलचे. अ‍ॅपल २ आणि १९८४ चा मॅकिंटॉश यांनी ओळीच्या शेवटी एकटा सीआर ठेवला. कळफलकावरची ‘रिटर्न’ ही कळ सीआरच पाठवते, त्यामुळे ही निवडही तर्कशून्य नव्हती. २००१ मध्ये युनिक्सच्या पायावर उभारलेले मॅक ओएस एक्स आले आणि अ‍ॅपल एलएफकडे वळली. रणांगणावर दोन पक्ष उरले: युनिक्स घराण्याचा एलएफ आणि विंडोजची सीआर-एलएफ जोडी.

१२/
एकच शब्द दोन्ही रीतींनी लिहून पाहिला तर अंतर किती लहान आहे ते कळते:

```
hi  (LF)    68 69 0A
hi  (CRLF)  68 69 0D 0A
```

ओळीमागे एक बाइट. चारशे ओळींच्या फाइलीत चारशे बाइट. प्रत्येकाची फाइल त्याच्याच संगणकावर राही, तोवर या अंतराची झळ क्वचितच लागे. फार तर युनिक्सची फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसे. (नोटपॅडला एकटा एलएफ समजू लागला तो २०१८ मध्ये.) एकाच फाइलीचा इतिहास अनेकांनी मिळून लिहायला घेतला, तेव्हा मात्र हे अंतर बोचू लागले.

१३/
लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले, ते लिनक्सच्या गाभ्याचा इतिहास सांभाळण्यासाठी. गिट फाइलला ओळखते ते तिच्या नावावरून नव्हे, तर तिच्या बाइटांवरून काढलेल्या चाळीस अंकाक्षरांच्या ठशावरून. एक बाइट बदलला की ठसा पूर्ण बदलतो. फरक दाखवताना गिट ओळी जुळवून पाहते. पाठचिकित्सक दोन पोथ्या जुळवतो तसेच. परंतु पोथी वाचणारा पंडित शाईचा डाग आणि पाठभेद यांतला फरक जाणतो. गिटच्या लेखी `hi` आणि अदृश्य सीआर लावलेले `hi` हे दोन वेगळे पाठ आहेत.

१४/
इतिहासाच्या दृष्टीने खरे नुकसान येथे होते. `git blame` ही आज्ञा फाइलीतील प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी, केव्हा आणि कोणत्या नोंदीत बदलली हे दाखवते. एखादी विचित्र अट का घातली गेली, याचा शोध बहुधा येथूनच सुरू होतो. आता आरंभीच्या प्रसंगातील फाइलीवर ही आज्ञा चालवली, तर चारशेच्या चारशे ओळींपुढे विंडोजवाल्या सहकाऱ्याचेच नाव येते. सात वर्षांत पाच जणांनी लिहिलेल्या ओळी एका दुपारी एकाच्या नावावर जमा होतात. मूळ नोंदी नष्ट झालेल्या नसतात. पण त्यांच्यावर एक थर चढतो, आणि घाईत पाहणारा त्या थरालाच मूळ समजतो.

१५/
गिटने २००७ मध्ये यावर `core.autocrlf` ही सेटिंग आणली. तिच्या तीन किमती आहेत. `true` असेल तर नोंदवताना सीआर-एलएफचा एलएफ होतो आणि फाइल बाहेर काढताना पुन्हा सीआर-एलएफ होतो. `input` असेल तर फक्त नोंदवतानाचा बदल होतो. `false` असेल तर गिट कशालाच हात लावत नाही. नीट पाहिले तर हा मल्टिक्सचाच विचार आहे: साठ्यात एक रूप, भाषांतर सीमेवर. येथे सीमा म्हणजे भांडार आणि कामाची फाइल यांच्यामधली रेषा. विंडोजसाठीचे गिट बसवताना जो प्रश्न विचारला जातो आणि ज्याचे उत्तर बहुतेक जण न वाचता देतात, तो हाच.

१६/
मग आरंभीचा अपघात झाला कसा? कारण ही सेटिंग प्रत्येकाच्या संगणकावर राहते, फाइलींबरोबर प्रवास करत नाही. समजा, विंडोजवाल्या सहकाऱ्याने तिची किंमत `false` ठेवली होती. भांडारातून फाइल एलएफसह आली. त्याच्या संपादकाने फाइल जतन करताना सगळ्या ओळींना सीआर-एलएफ लावले. गिटने हात न लावता ती जोडी भांडारात नेली. चूक कोणा एकाची म्हणता येत नाही. सीमा एकच होती, पण तिच्यावरचा दुभाषा ज्याचा त्याने नेमायचा होता, आणि एकाने नेमलाच नाही.

१७/
रोग ओळखण्याची पहिली खूण म्हणजे `^M`. गिट फरक दाखवताना नव्या ओळींच्या शेवटी हे चिन्ह उमटवते. ‘एम’ हे इंग्रजी वर्णमालेतील तेरावे अक्षर आणि सीआरचा क्रमांकही तेरा. कंट्रोल दाबून एम दाबले की सीआरच जातो. लिनक्सवर एखादी स्क्रिप्ट चालेनाशी होते तेव्हाही तेच चिन्ह दिसते:

```
/bin/bash^M: bad interpreter: No such file or directory
```

गाभा पहिली ओळ एलएफपर्यंत वाचतो. मध्ये बसलेला सीआर त्याच्या दृष्टीने नावाचाच भाग ठरतो. तो `bash` नव्हे, तर शेवटी सीआर असलेल्या नावाचा कार्यक्रम शोधू लागतो, आणि तसा कार्यक्रम नसतो.

१८/
दुसरी, अधिक नेमकी खूण पुढील आज्ञेने मिळते:

```
git ls-files --eol
```

प्रत्येक फाइलीपुढे `i/lf w/crlf` अशी जोडी दिसते. `i` म्हणजे गिटच्या नोंदीतले रूप, `w` म्हणजे कामाच्या फाइलीतले रूप. विंडोजवर `i/lf w/crlf` दिसले तर काळजीचे कारण नाही. दुभाषा काम करतो आहे. `i/crlf` दिसले तर जोडी साठ्यात शिरली आहे. `i/mixed` दिसले तर एकाच फाइलीत दोन्ही रीती नांदत आहेत, आणि तिचा प्रवास अनेक हातांतून झाला असणार.

१९/
टिकाऊ उपाय म्हणजे नियम माणसांच्या संगणकांवर न ठेवता भांडारातच ठेवणे. `.gitattributes` ही फाइल त्यासाठीच. ती फाइलींबरोबर सर्वांकडे जाते आणि व्यक्तिगत सेटिंगच्या वर तिचा शब्द चालतो:

```
* text=auto
*.sh  text eol=lf
*.bat text eol=crlf
*.png binary
```

पहिली ओळ सांगते की मजकूर असेल तो साठ्यात एलएफनेच जावा. `.sh` स्क्रिप्ट विंडोजवरही एलएफनेच उघडावी. `.bat` मात्र सीआर-एलएफने उघडावी, कारण नुसता एलएफ असला तर विंडोजच्या आज्ञा-दुभाष्याला `goto` ची खूण काही वेळा सापडत नाही.

२०/
शेवटची ओळ वगळून चालण्यासारखी नाही. `text=auto` म्हटले की मजकूर कोणता आणि चित्र कोणते हे गिट अंदाजाने ठरवते, मुख्यतः शून्य मूल्याचा बाइट सापडतो का यावरून. अंदाज चुकला तर चित्रातले `0D 0A` बदलते आणि फाइल बिघडते. हा धोका गिटहून जुना आहे. फाइली पोचवणाऱ्या एफटीपीच्या मजकूर-पद्धतीतही तो होता, आणि १९९६ मध्ये पीएनजी चित्रांचे स्वरूप ठरवणाऱ्यांनी त्याची आठवण ठेवली. प्रत्येक पीएनजीचे पहिले आठ बाइट असे असतात: `89 50 4E 47 0D 0A 1A 0A`. यात आधी सीआर-एलएफ जोडी आहे आणि शेवटी एकटा एलएफ. कोणत्याही दिशेचे भाषांतर झाले तर यांपैकी एक तरी बदलते आणि फाइल उघडण्यापूर्वीच बिघाड कळतो.

२१/
नियम लिहिल्याने आधीच शिरलेली जोडी आपोआप निघत नाही. भांडारात सीआर-एलएफसह असलेल्या फाइलीला `text=auto` मुद्दाम तसेच राहू देते, म्हणजे न मागता बदल होऊ नयेत. शुद्धीकरण एकदा स्वतंत्रपणे करावे लागते:

```
git add --renormalize .
git status
git commit -m "Normalize line endings"
```

२०१८ च्या आरंभी आलेल्या गिट २.१६ पासून ही सोय आहे. या नोंदीत दुसरा कोणताही बदल मिसळू नये. शुद्धीकरण आणि आशयातील बदल एकत्र झाले की पुढच्या वाचकाला ते वेगळे काढता येत नाहीत. इतर शाखांवर काम चालू असेल तर विलीन करताना `git merge -X renormalize` वापरावे, नाहीतर प्रत्येक ओळीवर वाद उभा राहतो.

२२/
आता उरतो तो `git blame` वर चढलेला थर. शुद्धीकरणाने तो एक न राहता दोन होतात: अपघाताचा आणि दुरुस्तीचा. घटकाभरासाठी `git blame -w` पुरते. ती रिकाम्या जागांतील फरक दुर्लक्षित करते, आणि ओळीच्या शेवटचा सीआर त्यातच मोडतो. कायमची सोय गिट २.२३ मध्ये, २०१९ साली आली. केवळ ओळींची टोके बदलणाऱ्या नोंदींचे ठसे एका फाइलीत लिहायचे आणि गिटला तिचा पत्ता द्यायचा:

```
git config blame.ignoreRevsFile .git-blame-ignore-revs
```

यानंतर गिट शुद्धीकरणाची नोंद ओलांडून मागे पाहते. अपघाताच्या नोंदीत मात्र एक खरा बदलही होता, एकशे सत्ताविसाव्या ओळीतला. ती नोंदही वगळली तर त्या एका ओळीचे श्रेय चुकीच्या माणसाकडे जाऊ शकते. म्हणून दुरुस्ती वेगळी नोंदवायची, हा नियम केवळ टापटिपीचा नाही.

२३/
शिवाय ही शेवटची सेटिंग पुन्हा ज्याच्या त्याच्या संगणकावरच राहते. ठशांची यादी भांडाराबरोबर येते. ती वाचायला सांगणारी आज्ञा प्रत्येकाने स्वतः द्यावी लागते. सीमेवरचा दुभाषा कोणी नेमायचा, हा मल्टिक्सच्या काळातला प्रश्न याही कोपऱ्यात तसाच उभा आहे. आणि ज्या क्षणभराच्या विलंबासाठी सीआर आधी पाठवावा लागे, तो घेणारी कॅरेज आता कोणत्याही टेबलावर उरलेली नाही. संपादकाच्या खालच्या पट्टीत मात्र `LF` किंवा `CRLF` ही अक्षरे दिसतात. त्यांवर एकदा नजर टाकूनच फाइल जतन करावी.

(धागा समाप्त)